स्क्रीन रेकॉर्ड करण्याआधी डेस्कटॉप आवरा. तिथे आपली नाही, गावाची कागदपत्रं असतात

निमगाव सावा (ता. जुन्नर) : डिजिटल सहीचा सातबारा कसा काढायचा, महाडीबीटीवर अर्ज कसा भरायचा, शाळेचा ऑनलाइन फॉर्म कुठे सापडतो, असे छोटे व्हिडिओ आता गावोगावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरतात. ते बनवणारे कुणी मोठे यूट्यूबर नसतात. सेवा केंद्र चालवणारी पोरं, झेडपीचे शिक्षक, बचत गटाचा हिशेब लिहिणाऱ्या ताई, अशी आपलीच माणसं असतात. लॅपटॉपची स्क्रीन रेकॉर्ड करायची, सोबत आपल्या आवाजात सांगायचं, की झाला व्हिडिओ. तेच तेच दहा जणांना समजावण्यापेक्षा हे बरं पडतं.

पण रेकॉर्डिंगचं बटण दाबलं की स्क्रीनवर असेल ते सगळं व्हिडिओत उतरतं. सेवा केंद्राच्या लॅपटॉपवर काय असतं ते आपल्याला माहीत आहे. दिवसभरात येणाऱ्या माणसांचे आधार, पासबुक, रेशनकार्ड, खरेदीखताचे स्कॅन. काम घाईचं असतं, म्हणून फाइल सेव्ह होते ती थेट डेस्कटॉपवर. नावंही तशीच असतात : ‘तात्या आधार’, ‘गट नंबर अमुक सातबारा’, नाही तर नुसता मोबाईल नंबर. लॅपटॉप चालवणाऱ्याच्या दृष्टीने तो कामाचा पसारा. ज्याचा कागद आहे त्याच्या दृष्टीने मात्र तो त्याचा बँकेपर्यंतचा रस्ता.

म्हणून रेकॉर्डिंगआधी आयकॉन, बुकमार्कची पट्टी आणि उघडे फोल्डर आवरायचे, ते फक्त स्क्रीन छान दिसावी म्हणून नाही. आणि नुसतं लपवून काम भागत नाही, कारण लपवलेलं पुन्हा कुठून तरी डोकावतं. ते कुठून डोकावतं आणि कायमचा उपाय काय, हे आज एका उदाहरणावरून पाहू.

पाच मिनिटांचा व्हिडिओ, पाच ठिकाणची गळती

समजा, गावातल्या एका केंद्रचालकाला ‘डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या काढा’ असा व्हिडिओ करायचा आहे. संकेतस्थळ digitalsatbara.mahabhumi.gov.in. मोबाईलवर ओटीपी घ्यायचा, आत जायचं, खात्यात पैसे भरायचे, जिल्हा-तालुका-गाव-गट नंबर निवडायचा, प्रत उताऱ्याला १५ रुपये कापले जातात आणि पीडीएफ उतरते. पाच मिनिटांत बसणारा विषय. आता हाच व्हिडिओ मिनिटामिनिटाने पाहू.

पहिल्या दहा सेकंदांत डेस्कटॉप दिसतो. ‘नमस्कार मंडळी’ म्हणेपर्यंत साठ-सत्तर फाइलींची नावं रेकॉर्ड झालेली असतात. फाइल फोटोची असेल तर आयकॉनच्या जागी त्या फोटोचं छोटं चित्र दिसतं, म्हणजे आधार कार्डाचं चित्र थेट डेस्कटॉपवर.

मग क्रोम उघडतो. वरच्या पट्टीत बुकमार्कची रांग : बँकेची नेट बँकिंग, केंद्राचं लॉगिन, आणखी खासगी काही. पत्ता टाइप करायला पहिलं अक्षर दाबलं की खाली आधी उघडलेल्या पानांची यादी पडते.

लॉगिनच्या पानावर मोबाईल नंबराच्या रकान्यात क्लिक केलं की आधी भरलेले नंबर सुचवले जातात. तीन-चार गिऱ्हाइकांचे नंबर एका ओळीखाली एक.

पीडीएफ उतरली की क्रोमच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात डाउनलोडचा छोटा चौकोन उघडतो. त्यात नुकत्याच उतरवलेल्या दुसऱ्या फाइलींचीही नावं असतात.

आणि शेवटी ‘बघा, फाइल इथे आली’ म्हणून फोल्डर उघडला जातो. तो असतो Downloads. गेल्या कित्येक महिन्यांत ज्या ज्या माणसाचं काम केलं, त्या सगळ्यांची कागदपत्रं तिथे एका जागी असतात. पाचही ठिकाणांत हे सगळ्यात वाईट.

आता कुणी म्हणेल, सातबारा तर कुणीही पाहू शकतो, त्यात लपवायचं काय? खरं आहे. सातबारा ही सार्वजनिक नोंद आहे. पण त्याच फोल्डरात शेजारी आधार आणि पासबुक असतं. आधारवरून बँकेतले पैसे काढण्याच्या पद्धतीत, म्हणजे गावात मशिनवर अंगठा लावून पैसे मिळतात तिथे, बँकेचं नाव, आधार क्रमांक आणि अंगठा एवढंच लागतं, ओटीपी लागत नाही. २०२३ मध्ये काही राज्यांत खरेदीखतावरचे अंगठ्याचे ठसे उतरवून लोकांच्या खात्यातले पैसे काढल्याच्या तक्रारी पोलिसांकडे गेल्या होत्या. म्हणजे आधार, पासबुक आणि खरेदीखत तिन्ही एका फोल्डरात दिसणं ही साधी गोष्ट नाही. शिवाय आधार कायदा, २०१६ च्या कलम २९ नुसार कुणाचा आधार क्रमांक जाहीरपणे प्रसिद्ध करता येत नाही. ‘चुकून दिसला’ म्हणून त्या माणसाचं नुकसान भरून येत नाही.

आयकॉन लपवणं : दोन क्लिकचं काम, पण अर्धंच

सगळ्यात सोपं आधी. विंडोजमध्ये डेस्कटॉपवर मोकळ्या जागी राइट क्लिक करा, View मध्ये जा आणि Show desktop icons वरची खूण काढा. सगळे आयकॉन एका क्षणात गायब. घाबरू नका, काहीही डिलीट होत नाही. तीच खूण पुन्हा लावली की सगळं जिथल्या तिथे परत येतं.

पण लक्षात घ्या, इथे पडदा टाकला आहे, घर रिकामं केलेलं नाही. फाइली Desktop नावाच्या फोल्डरात तशाच आहेत. रेकॉर्डिंग चालू असताना कुठेही ‘फाइल निवडा’ किंवा ‘सेव्ह करा’ची खिडकी उघडली आणि तिने Desktop दाखवला, तर सगळी यादी परत समोर.

काही जण दुसरी युक्ती करतात. सगळ्या फाइली एका ‘जुनं काम’ नावाच्या फोल्डरात टाकतात आणि तो फोल्डर डेस्कटॉपवरच ठेवतात. त्याने डेस्कटॉप मोकळा दिसतो, पण फोल्डरावर चुकून डबल क्लिक झालं की संपलं. तो फोल्डर D: ड्राइव्हवर हलवला तर बरं. गावाची कागदपत्रं डेस्कटॉपवर न ठेवणं ही एरवीही चांगली सवय आहे, कारण बहुतेक लॅपटॉपवर डेस्कटॉप C: ड्राइव्हवर असतो आणि विंडोज बिघडून नव्याने टाकायची वेळ आली की आधी तोच पुसला जातो.

टास्कबारकडेही पाहा. तिथल्या एक्सेल किंवा पीडीएफच्या चिन्हावर राइट क्लिक झालं की अलीकडे उघडलेल्या फाइलींची यादी वर येते. चिन्हावर नुसता माउस नेला तरी उघड्या खिडकीचं छोटं चित्र दिसतं. म्हणून रेकॉर्डिंगआधी सगळं खरोखर बंद करा. खाली दाबून ठेवलेली खिडकी म्हणजे बंद केलेली खिडकी नव्हे.

बुकमार्कची पट्टी आणि ‘इन्कॉग्निटो’चा गैरसमज

क्रोममध्ये Ctrl+Shift+B दाबलं की बुकमार्कची पट्टी जाते, परत दाबलं की येते. पण नवीन टॅब उघडला की क्रोम ती पट्टी त्या कोऱ्या पानावर पुन्हा दाखवू शकतो, आणि खाली नेहमी उघडणाऱ्या साइटचे गोल चिन्हंही असतात. त्यामुळे पट्टी बंद केली असली तरी रेकॉर्डिंगमध्ये नवीन टॅब उघडू नका. हवं ते पान आधीच उघडून ठेवा आणि तिथूनच सुरुवात करा.

‘मी इन्कॉग्निटो खिडकीत करतो, तिथे काही दिसत नाही’ असा समज बऱ्याच जणांचा आहे. इन्कॉग्निटोचं काम वेगळं. आपण त्या खिडकीत काय केलं ते नंतर इतिहासात राहू नये, यासाठी ती आहे. आधीचे बुकमार्क तिथेही पोहोचतात, आधी भरलेले नंबर आणि पत्ते तिथेही सुचवले जाऊ शकतात. म्हणजे पुढचं लपतं, मागचं नाही. आपल्याला नेमकं मागचंच लपवायचं आहे.

त्यापेक्षा क्रोममध्ये वेगळं प्रोफाइल करणं चांगलं. वर उजवीकडच्या गोल चिन्हावर क्लिक करा, नवीन प्रोफाइल जोडण्याचा पर्याय निवडा, ईमेल विचारला तर तो न देता पुढे जा आणि नाव द्या ‘व्हिडिओ’. हे प्रोफाइल कोरं असतं. त्यात बुकमार्क नाहीत, जुना इतिहास नाही, सुचवायला कुणाचे नंबर नाहीत. त्याच मेनूत ‘गेस्ट’चाही पर्याय असतो आणि तोही कोराच असतो. पण गेस्टमध्ये एक्स्टेन्शन चालत नाहीत. मराठी टायपिंगचं एक्स्टेन्शन वापरणाऱ्याची तिथे अडचण होते, म्हणून प्रोफाइल बरं. त्यात एक्स्टेन्शन एकदा टाकलं की कायम राहतं.

पट्टी गेल्याचा आणखी एक फायदा आहे. आपला व्हिडिओ पाहणारा बहुतेक वेळा मोबाईलवर पाहतो. लॅपटॉपची चौदा-पंधरा इंचाची स्क्रीन त्याच्या तळहाताएवढ्या काचेवर येते, म्हणजे अक्षर मुंगीएवढं होतं. बुकमार्कची रांग काढून Ctrl आणि + दाबून पान १२५ किंवा १५० टक्के मोठं केलं तर गट नंबराचा रकाना मोबाईलवरही वाचता येतो. आयआयटी मुंबईचा ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा प्रकल्प अशाच स्क्रीन रेकॉर्डिंगमधून संगणक शिकवतो आणि त्यातले बरेच पाठ मराठीतही आहेत. अर्ध्या स्क्रीनवर पाठ लावायचा आणि उरलेल्या अर्ध्यावर स्वतः तेच करून पाहायचं, अशी त्यांची पद्धत. अर्ध्या स्क्रीनवर समजायचं असेल तर चित्रात कामाचं तेवढंच असावं लागतं. आपल्या शेतकऱ्याच्या हातातला मोबाईल तर त्याहून लहान.

खरी अडचण ‘फाइल निवडा’च्या खिडकीत

आयकॉन आणि बुकमार्क डोळ्यांसमोर असतात, म्हणून लक्षात येतात. फोल्डरचं तसं नाही. अर्ज भरताना पासबुकाचा फोटो जोडायला ‘Choose File’ दाबलं की विंडोज स्वतःहून एक फोल्डर उघडतं, आणि बहुधा तो आपण मागच्या वेळी वापरलेलाच असतो. आदल्या दिवशी कुणाचं आधार अपलोड केलं असेल तर तोच फोल्डर, तोही मोठ्या चित्रांसकट. तोपर्यंत आपलं बोलणं चालू असतं, ‘आता इथे पासबुक निवडायचं’, आणि पाहणाऱ्याला दहा जणांची पासबुकं दिसत असतात.

याला उपाय असा. D: ड्राइव्हवर ‘नमुना’ नावाचा फोल्डर करा. त्यात दोन-तीनच फाइली ठेवा. कोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरात ‘नमुना पासबुक’, ‘नमुना सातबारा’ असं लिहून मोबाईलने फोटो काढला तरी चालतो. फोटो लहान करून ठेवा, कारण बऱ्याच सरकारी अर्जांना ठराविक केबीपेक्षा मोठी फाइल चालत नाही. हा नमुना फक्त दाखवण्यापुरता आहे, तो जोडून अर्ज सादर करायचा नाही. मग रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी त्याच पानावर एकदा ‘Choose File’ दाबा, ‘नमुना’ फोल्डरात जा आणि फाइल निवडा. पुढच्या वेळी खिडकी बहुतेक तिथेच उघडते. रेकॉर्डिंगआधी दोनदा उघडून खात्री करून घ्या.

त्या खिडकीच्या डाव्या बाजूची पट्टी विसरू नका. तिथे नेहमी वापरलेल्या फोल्डरांची नावं असतात. ती घालवायला फाइल एक्सप्लोररच्या Options मध्ये Privacy असा भाग आहे. अलीकडच्या फाइली आणि नेहमीचे फोल्डर दाखवण्याच्या खुणा तिथे काढा आणि शेजारचं Clear बटण दाबा. त्याने फाइली जात नाहीत, फक्त त्यांची आठवण पुसली जाते.

डाउनलोडसाठीही तेच करा. क्रोमच्या सेटिंगमध्ये Downloads या भागात फाइल उतरण्याची जागा बदलता येते. ‘व्हिडिओ’ प्रोफाइलसाठी ती ‘नमुना’ फोल्डरवर लावा. मग सातबारा उतरल्यावर फोल्डर उघडून दाखवला तरी त्यात तुमच्या तीन नमुन्यांखेरीज काही दिसणार नाही. सातबारा शक्यतो स्वतःच्याच गटाचा काढा.

महिन्यातून चार व्हिडिओ करत असाल तर

दर वेळी एवढं आवरायचं म्हटलं की एखादी गोष्ट राहतेच. नेहमी व्हिडिओ करणाऱ्याने विंडोजमध्येच दुसरा वापरकर्ता तयार करावा. हे काम एकदाच, दहा-पंधरा मिनिटांचं.

Settings मध्ये Accounts, त्यात Other users (काही लॅपटॉपवर Family & other users). तिथे नवीन खातं जोडायचं बटण आहे. विंडोज ईमेल मागेल, तेव्हा I don't have this person's sign-in information निवडा आणि पुढच्या पानावर Add a user without a Microsoft account. नाव द्या, पासवर्ड द्या. मग स्टार्ट मेनूतून त्या वापरकर्त्यात शिरा. त्याचा डेस्कटॉप वेगळा, Downloads वेगळं, क्रोमही कोरा. तुमच्या मुख्य खात्यातल्या फाइली तिथून उघडू पाहिल्या तर विंडोज अॅडमिनचा पासवर्ड मागतं. म्हणजे माउस चुकला तरी कागद दिसत नाही.

यातही तीन गोष्टी माहीत हव्यात. एक, प्रोग्राम टाकताना सगळ्यांसाठी म्हणून केलेले काही शॉर्टकट नव्या डेस्कटॉपवरही येतात. ते नुसते प्रोग्रामचे असतात, त्यात कुणाची फाइल नसते. दोन, रेकॉर्डिंगचा प्रोग्राम आणि माइक यांची जुळवणी नव्या खात्यात एकदा परत करावी लागते. आधी अर्ध्या मिनिटाचं ट्रायल रेकॉर्डिंग करून आवाज ऐका. तीन, D: ड्राइव्ह दोन्ही खात्यांना दिसतो. तुम्ही गावाचे कागद D: वर हलवले असतील तर ते नव्या खात्यातूनही उघडतील. ज्याने हा मार्ग धरला त्याने ती कागदपत्रं मुख्य खात्याच्या Documents मध्ये ठेवावीत, आणि तयार व्हिडिओ इकडून तिकडे न्यायला Public हा सामाईक फोल्डर वापरावा.

पाठवण्याआधी थांबवून थांबवून पाहा

व्हिडिओ झाल्यावर आपण तो एकदा सरळ पाहतो आणि पाठवतो. त्यात आपलं लक्ष आवाजाकडे असतं. पाहणारा मात्र कुठेही थांबवू शकतो. साधारण रेकॉर्डिंगमध्ये एका सेकंदाला ३० चित्रं असतात, म्हणजे दोन सेकंद डोकावलेल्या फोल्डरची ६० स्थिर चित्रं तयार झालेली असतात. यूट्यूबवर संगणकावरून पाहताना व्हिडिओ थांबवून पूर्णविरामाचं बटण दाबलं की तो एकेक चित्र पुढे सरकतो. ज्याला नंबर वाचायचा आहे त्याला दोन सेकंद पुष्कळ झाले.

म्हणून दुसऱ्यांदा आवाज बंद करून पाहा, आणि चार जागी नक्की थांबा : सुरुवातीचे दहा सेकंद, पत्ता टाइप करताना, फाइल निवडण्याची किंवा फोल्डरची खिडकी उघडते तेव्हा, आणि अगदी शेवटी. शेवट बहुतेक जण विसरतात. रेकॉर्डिंग बंद करायला आपण खिडकी खाली करतो आणि मागचा डेस्कटॉप तेवढ्यात दिसून जातो. ती शेवटची तीन-चार सेकंदं कापूनच टाका.

व्हिडिओ आधीच गेला असेल आणि त्यात कुणाचा कागद दिसत असेल तर काय करायचं? यूट्यूबवर असेल तर आधी तो प्रायव्हेट करा, मग यूट्यूब स्टुडिओच्या एडिटरमध्ये तेवढा भाग कापा किंवा धूसर करा. लिंक तीच राहते. व्हॉट्सअॅपवर गेला असेल तर सगळ्यांसाठी डिलीट करा, पण पुढे फॉरवर्ड झालेली प्रत त्याने परत येत नाही. तेव्हा ज्याचा कागद दिसला त्याच्या घरी जाऊन सांगणं हाच मार्ग उरतो. यूआयडीएआयच्या संकेतस्थळावर बायोमेट्रिक लॉक करता येतं. ते केलं की त्याच्या अंगठ्याने आधारचा व्यवहार होत नाही. लागेल तेव्हा तो स्वतः ते उघडू शकतो. केंद्रचालकाने हे काम त्याच्यासमोर, त्याच्याच मोबाईलवर ओटीपी घेऊन करून द्यावं, आणि त्याचे पैसे घेऊ नयेत.